कट-ऑफच्या आत: छोट्या निर्यात फर्ममधल्या लॉजिस्टिक्स समन्वयकाचं काम

लॉजिस्टिक्स समन्वयक म्हणजे माल आणि मालाचे कागद एकाच वेळी बंदरावर पोहोचवणारा माणूस. मोठ्या कंपनीत हे काम चार-पाच विभागांत वाटलेलं असतं. वाहतूक एक जण बघतो, कस्टमचे कागद दुसरा, बँकेचा व्यवहार तिसरा. छोट्या व्यापारी फर्ममध्ये मालक खरेदी-विक्री बघतो, हिशेबनीस पैसे बघतो आणि या दोघांमध्ये उरलेलं सगळं समन्वयकाकडे येतं. त्यामुळे अशा फर्मच्या जाहिरातीत बहुधा ‘माल पाठवण्याचा अनुभव, कॉम्प्युटर आवश्यक’ एवढंच छापून येतं. एवढ्यावरून उमेदवाराला कामाचा अंदाज येत नाही, आणि माणूस नेमल्यावर त्याच्याकडून नेमकं काय मागायचं हे मालकालाही ठरवता येत नाही.

हे काम एका ठरावीक धंद्यात ठेवून पाहिलं तर लवकर उलगडतं. पिंपळगाव बसवंतच्या परिसरातली, आठवड्याला दोन-तीन कंटेनर कांदा बाहेर पाठवणारी एखादी छोटी फर्म डोळ्यासमोर आणावी. माल लिलावात घेतला जातो, खळ्यावर त्याची निवड होते, २५ किलोच्या जाळीच्या गोण्या भरल्या जातात आणि रीफर, म्हणजे थंड ठेवता येणारा ४० फुटी कंटेनर न्हावा-शेव्याहून जहाजावर चढतो. समजा, या खेपेचा खरेदीदार मलेशियात आहे आणि माल पोर्ट क्लांगला उतरायचा आहे.

जहाजापासून मागे मोजलेला आठवडा

समन्वयकाचं पहिलं कर्तव्य म्हणजे बुकिंग. फॉरवर्डरमार्फत किंवा थेट शिपिंग लाइनकडे जागा मागायची. लाइन बुकिंग मान्य करते तेव्हा एक नंबर देते आणि त्याबरोबर तीन-चार वेळा कळवते. बिल ऑफ लेडिंगचा तपशील कधीपर्यंत द्यायचा, कंटेनरचं वजन कधीपर्यंत कळवायचं आणि टर्मिनलचं गेट कधी बंद होणार, अशा या वेळा असतात. बोलीभाषेत या सगळ्यांना कट-ऑफ म्हणतात. जहाज सुटण्याच्या वेळेला समन्वयकाच्या लेखी फारसं महत्त्व नसतं, कारण त्याचं जहाज गेट बंद होतं त्याच क्षणी सुटलेलं असतं.

म्हणून आठवड्याची आखणी पुढून मागे होते. गेट शनिवारी दुपारी २ वाजता बंद होणार असेल, तर कंटेनर शुक्रवारी रात्रीच आत गेलेला बरा. त्यासाठी शुक्रवारी दिवसा कस्टमची परवानगी मिळायला हवी. पिंपळगाव ते न्हावा-शेवा हे अंतर ढोबळमानाने सव्वादोनशे किलोमीटर आहे. पण कसारा घाट, भिवंडीची कोंडी आणि पुढे शिळफाटा-कळंबोलीचा पट्टा यांचा भरवसा देता येत नाही. म्हणजे भरलेला ट्रेलर गुरुवारी संध्याकाळी खळ्यावरून निघायला हवा. माल गुरुवारी दिवसभरात भरायचा तर रिकामा कंटेनर गुरुवारी सकाळी दारात हवा, आणि तो बंदराजवळच्या यार्डातून बुधवारी उचलायला हवा. यार्डातून उचलतानाही दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे रीफर यंत्राची तपासणी झाल्याचा शेरा. दुसरी म्हणजे ट्रेलरला जनसेट लावला आहे का आणि त्यात डिझेल आहे का, कारण रस्त्यावर रीफरला वीज त्याच्याकडूनच मिळते.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक कळीची गोष्ट बुकिंगमध्येच लिहून घ्यावी लागते: तापमान आणि हवेच्या झरोक्याची सेटिंग. पोत्यातला कांदाही श्वास घेतो, ओलावा आणि उष्णता बाहेर टाकतो. झरोका बंद राहिला तर आत पाणी धरतं आणि माल उतरेपर्यंत मानेकडून सड लागलेली असते. हा आकडा फोनवर सांगून भागत नाही. खरेदीदार, लाइन आणि फर्म या तिघांकडे तो लेखी हवा. तक्रार उठते तेव्हा ‘सेटिंग किती मागितली होती’ हाच पहिला प्रश्न येतो.

ही मागे मोजत जाण्याची सवय म्हणजे या नोकरीचा कणा आहे. कामाच्या वर्णनात ती ‘वेळेचं नियोजन’ अशा दोन शब्दांत येते, आणि ते फार अपुरं आहे. प्रत्येक बुकिंग आल्यापासून तासाभरात उलटं वेळापत्रक तयार करून मालक, खळ्यावरचा मुकादम, ट्रान्सपोर्टर आणि कस्टम ब्रोकर या चौघांना पाठवणं, असं ते लिहायला हवं.

एकच आकडा सहा ठिकाणी

दुसरं मोठं कर्तव्य कागदांचं. एका कंटेनरमागे बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, वजनाचा दाखला आणि बिल ऑफ लेडिंग एवढे कागद तर हमखास लागतात. यातला प्रत्येक कागद वेगळ्या ठिकाणी तयार होतो. बीजक आणि पॅकिंग लिस्ट फर्ममध्ये, शिपिंग बिल कस्टम ब्रोकरकडे, आरोग्य प्रमाणपत्र सरकारी तपासणीनंतर, बिल ऑफ लेडिंग लाइनकडे. पण सगळ्यांवर माल एकच असल्यामुळे गोण्या, वजन, कंटेनर नंबर आणि सील नंबर एकच असायला हवेत. मालात काही बदल झाला तर तो या सगळ्या कागदांवर पोहोचवण्याची जबाबदारी समन्वयकाची.

गुरुवारचं स्टफिंग जवळून पाहावं. कागदांवर १,१२० गोण्या आहेत, म्हणजे २५ किलोप्रमाणे निव्वळ २८,००० किलो. शिपिंग बिल सकाळीच दाखल झालं आहे. ते आधी लागतं, कारण फर्म आपल्या खळ्यावर स्वतः आरएफआयडी ई-सील लावणार असेल तर सीलबरोबर शिपिंग बिलाचा नंबरही पोर्टलवर भरावा लागतो. दुपारी चारच्या सुमारास मुकादम सांगतो की बारा गोण्या बाजूला काढल्या. काहींमध्ये कोंब आलेले, काहींमध्ये जोड कांदा. कंटेनरमध्ये १,१०८ गोण्या आहेत. म्हणजे २७,७०० किलो, ३०० किलो कमी.

अशा वेळी समन्वयकापुढे दोन वाटा असतात. खळ्यावर निवडलेला माल तयार असेल आणि तासाभरात बारा गोण्या भरून शिवता येत असतील, तर दार उघडं ठेवून थांबावं. ट्रेलर सहाऐवजी सातला निघाला तरी हाती वेळ आहे. माल तयार नसेल तर सील लावण्याआधीच ब्रोकरला फोन करून शिपिंग बिलात दुरुस्ती मागायची. बीजक आणि पॅकिंग लिस्ट नव्याने काढायची, आरोग्य प्रमाणपत्राच्या अर्जातला आकडा बदलायचा आणि लाइनला जाणारा तपशील १,१०८ असाच द्यायचा. कस्टमने ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’ म्हणजे निर्यातीची परवानगी देण्याआधीची दुरुस्ती सोपी असते. परवानगीनंतर तीच दुरुस्ती अर्ज, कारणं आणि हेलपाटे मागते, आणि तोवर गेट बंद झालेलं असतं.

तिसरी वाटही असते आणि ती सर्वांत मोहाची आहे: ‘बारा गोण्यांनी काय होतंय’ म्हणत जुनेच कागद पुढे जाऊ देणं. टनाला ३०० डॉलर भाव धरला तर फरक अवघा ९० डॉलरचा. पण व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर असेल तर हिशेब निराळा होतो. बँका ज्या नियमांनुसार कागद तपासतात त्या यूसीपी ६०० मध्ये मालाच्या परिमाणात पाच टक्के कमी-जास्त चालतं. मात्र पतपत्रात परिमाण नगांत किंवा गोण्यांच्या संख्येत लिहिलेलं असेल तर ही सवलत मिळत नाही. पतपत्रात ‘२८ टन’ असेल तर ३०० किलोंची तूट, म्हणजे जेमतेम एक टक्का, खपून जाते. ‘१,१२० गोण्या’ असेल तर १,१०८ गोण्यांच्या कागदांवरही बँक विसंगतीचा शेरा मारते. म्हणून बारा गोण्यांवर थांबायचं की दुरुस्ती करायची याचं उत्तर खळ्यावर सापडत नाही, ते पतपत्राच्या मजकुरात सापडतं. समन्वयकाने स्टफिंगच्या आदल्या दिवशी तो मजकूर वाचलेला असायलाच हवा. आणि कागदांवर १,१२० ठेवून प्रत्यक्षात १,१०८ पाठवणं हे खोटं कथन होतं. पोर्ट क्लांगला गोण्या मोजल्या जातात तेव्हा फर्मचं नाव जातं.

वजनाचंही तसंच आहे. समुद्री सुरक्षेच्या सोलास करारातली दुरुस्ती १ जुलै २०१६ पासून लागू झाली आणि तेव्हापासून पडताळलेलं एकूण वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. वजन काढायच्या दोन रीती आहेत. भरलेला कंटेनर काट्यावर तोलायचा किंवा आतला माल, वेष्टन आणि रिकामा कंटेनर यांची बेरीज करायची. वरच्या खेपेत १,१०८ गोण्यांचे २७,७०० किलो. रिकाम्या गोणीचं वजन ५० ग्रॅम धरलं तर सुमारे ५५ किलो. कंटेनरच्या दारावर लिहिलेलं त्याचं स्वतःचं वजन समजा ४,६४० किलो. बेरीज ३२,३९५. हा आकडा त्याच दारावर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत बसतो का, हे तिथेच उभं राहून बघायचं. दाराचा फोटो काढून ठेवण्याची सवय इथे कामाला येते, कारण अंदाजाने लिहिलेलं रिकामं वजन आणि दारावरचं वजन यांत शे-दोनशे किलोंचा फरक सहज पडतो.

रस्त्यावरची रात्र आणि गेट

ट्रेलर निघाल्यावर काम संपत नाही, पण ते फोनवर येतं. नवखा माणूस ड्रायव्हरला ‘गाडी कुठवर आली?’ असं विचारतो आणि ‘येतोय, येतोय’ असं उत्तर घेऊन बसतो. मुरलेला समन्वयक विचारतो, ‘भाऊ, कसारा उतरलात का? जनसेटमध्ये डिझेल किती? पॅनेलवर तापमान काय दाखवतंय, त्याचा फोटो टाका.’ फरक आवाजात नसून प्रश्नात आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना मोघम उत्तर देता येत नाही. रात्री दोनला जनसेट बंद पडला तर सकाळी कळून उपयोग नसतो. ट्रान्सपोर्टरचा रात्रीचा नंबर कुठे आहे आणि दुरुस्ती कुठे मिळते, हे आधीच ठरलेलं हवं.

रस्त्यावरच्या कागदांबद्दल एक गैरसमज आढळतो. ताजा कांदा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे त्याला ई-वे बिल लागत नाही. पण हीच फर्म पुढच्या आठवड्यात हळद किंवा वाळवलेला कांदा पाठवते तेव्हा मालावर कर असतो, आणि ५० हजारांवरच्या खेपेला ई-वे बिल लागतं. कांद्याची सवय झालेला माणूस इथे चुकतो.

न्हावा-शेव्याला एकच बंदर असलं तरी टर्मिनलं अनेक आहेत आणि त्यांची गेटं वेगवेगळी आहेत. आत जाण्यासाठी फॉर्म १३ लागतो. त्यात बुकिंग, कंटेनर, सील, वजन, शिपिंग बिल हे सगळं एकत्र येतं. आधीच्या कागदांत कुठेही एक अंक चुकला असेल तर तो बहुधा इथेच उघडा पडतो. जहाजाचं टर्मिनल ऐन वेळी बदललं आणि ड्रायव्हरला कळवायचं राहिलं, तर गाडी चुकीच्या रांगेत तासन्‌तास उभी राहते. गेटच्या वेळेत कंटेनर आत गेला नाही तर तो शटआउट होतो. मग पुढच्या जहाजापर्यंत त्याला यार्डात वीज जोडून ठेवावं लागतं, त्याचं भाडं चढतं, ठरलेल्या दिवसांनंतर लाइनचा दंड सुरू होतो आणि आतला कांदा जुना होत राहतो.

जहाज गेल्यावर

जहाज सुटल्यावर लाइन बिल ऑफ लेडिंगचा मसुदा पाठवते. तो अक्षर न् अक्षर तपासणं हे समन्वयकाचं काम आहे. खरेदीदाराचं नाव पतपत्रात आहे तसंच हवं. पतपत्रात वेगळी मुदत दिली नसेल तर माल चढल्याच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत सादर व्हावे लागतात, तेही पतपत्राची मुदत संपण्याआधी. न्हावा-शेवा ते पोर्ट क्लांग हा प्रवास आठवडा-दहा दिवसांचा. कागद बँकांच्या वाटेने रेंगाळले तर माल आधी पोहोचतो आणि खरेदीदाराला तो सोडवता येत नाही. म्हणून २१ दिवसांची मुभा असली तरी चार-पाच दिवसांत कागद बँकेत द्यायचे, असा फर्मचा स्वतःचा नियम हवा आणि तो कामाच्या वर्णनात आकड्यासह लिहिलेला हवा.

यापुढची एक जबाबदारी कांद्याच्या धंद्यात जास्तच जड आहे: सरकारी अधिसूचनांवर नजर. केंद्राने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. त्या बंदीत वाटेवरच्या मालासाठी काही सवलती होत्या. अधिसूचनेआधी जहाजावर चढू लागलेला, किंवा कस्टमच्या ताब्यात जाऊन संगणकीय नोंद झालेला माल पाठवता येत होता. पण त्यासाठी तारीख आणि वेळ दाखवणारा पुरावा लागत होता. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क पुन्हा लागलं. ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे गेलं. अशा काळात गेट-इनची पावती, ई-सीलची वेळ आणि कस्टमच्या नोंदीची प्रत कंटेनरनिहाय जपून ठेवणाऱ्या माणसाची किंमत फर्मला कळते.

साधनं

छोट्या फर्ममध्ये महागड्या सॉफ्टवेअरची अपेक्षा नसते. एक्सेलचा एक तक्ता पुरतो, फक्त तो रोज भरला गेला पाहिजे. एका कंटेनरला एक ओळ, आणि स्तंभांमध्ये बुकिंग, प्रत्येक कट-ऑफ, कंटेनर व सील नंबर, गोण्या, वजन, शिपिंग बिल, गेट-इन, बिल ऑफ लेडिंग, बँकेत दिल्याची तारीख. शिपिंग बिलाची स्थिती कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर दिसते, कंटेनरचा ठावठिकाणा लाइनच्या संकेतस्थळावर. आरोग्य प्रमाणपत्राचा अर्जही ऑनलाइन होतो. व्हॉट्सअ‍ॅप तर चोवीस तास चालू असतं. पण तिथे आलेला आकडा त्याच दिवशी तक्त्यात उतरला नाही तर तो हरवल्यातच जमा.

कंटेनर नंबरची रचना समजून घेणं हेही एक साधनच आहे. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीतला एक अंक, जसं `CSQU 305438 3`. तो शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून ठरावीक गणिताने निघतो. मुकादमाने फोनवर सांगताना एखादा अंक चुकवला तर हे गणित जुळत नाही. हे सूत्र एक्सेलमध्ये एकदा बसवलं की चुकीचा नंबर बहुतेक वेळा टाइप करतानाच पकडला जातो, फॉर्म १३ भरेपर्यंत थांबावं लागत नाही.

कौशल्यं, अधिकार आणि हद्द

या कामाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. निर्यातीचा डिप्लोमा असला तर शब्द ओळखीचे असतात, एवढाच फायदा. त्याहून जास्त गरज आहे ती कागद सावकाश वाचण्याची, इंग्रजीत चार ओळींचा नेमका ईमेल लिहिण्याची आणि ड्रायव्हर, हमाल, ब्रोकर, बँक अधिकारी यांच्याशी ज्याच्या-त्याच्या भाषेत बोलण्याची. मुलाखतीत हे जोखायचं तर उमेदवारापुढे एक पतपत्र, एक बीजक आणि एक बिल ऑफ लेडिंगचा मसुदा ठेवावा, मुद्दाम तीन विसंगती पेरून. वीस मिनिटांत त्यातल्या किती सापडतात, यावरून प्रमाणपत्रांपेक्षा जास्त कळतं.

बहुतेक कामाच्या वर्णनांत एक गोष्ट लिहायची राहून जाते, ती म्हणजे अधिकार. गुरुवारी चार वाजता ट्रेलर थांबवायचा निर्णय समन्वयकाने घ्यायचा की मालकाला विचारून? मालकाचा फोन लिलावाच्या गोंगाटात लागला नाही तर? रात्री जनसेट बिघडला तर किती रुपयांपर्यंतचा खर्च त्याने न विचारता करावा? या प्रश्नांची उत्तरं लेखी नसतील तर माणूस वाट बघत बसतो आणि त्यात नेमका लागणारा तास जातो. गाडी थांबवणं, कागद दुरुस्तीला लावणं आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचा तातडीचा खर्च करणं, एवढा अधिकार त्याला हवाच. मालाचा भाव, उधारी, खराब मालावर द्यायची सूट हे त्याच्या हद्दीबाहेर. कस्टमपुढे फर्मच्या वतीने कागद चालवण्याचं काम परवानाधारक ब्रोकरचं. समन्वयकाने त्याला अचूक माहिती द्यायची आणि काय दाखल झालं ते तपासायचं.

शिवाय बदली माणूस. आठवड्याला तीन कंटेनर म्हणजे बहुतेक रात्री एखादी गाडी रस्त्यावर असते. एकाच माणसाने सगळ्या रात्री फोन उचलावा ही अपेक्षा काही महिनेच टिकते. हिशेबनीस किंवा मुकादम यांपैकी एकाला तक्ता वाचता यावा, आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री फोन त्याच्याकडे असावा, आणि हे वर्णनातच नमूद असावं. समन्वयक रजेवर असताना दुसरा माणूस तक्ता उघडून ‘हा कंटेनर आता कुठे आहे आणि पुढचा कट-ऑफ कधी’ हे कुणालाही न विचारता सांगू शकला, तर तो तक्ता नीट ठेवला जात आहे असं समजावं.